लंबदुभाजकाचं समीकरण आणि परिकेंद्र

रेषाखंडाच्या मध्यबिंदूतून त्याला काटकोनात छेदणारी रेषा म्हणजे लंबदुभाजक. तिच्यावरचा कुठलाही बिंदू दोन्ही टोकांपासून सारख्याच अंतरावर असतो. त्रिकोणाच्या बाजूंचे लंबदुभाजक जिथे मिळतात ते परिकेंद्र, म्हणजे तिन्ही शिरोबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाचं केंद्र, आणि ते शोधायला दोन लंबदुभाजक पुरतात.

त्रिकोणाभोवती वर्तुळ काढायची रीत युक्लिडच्या 'एलिमेंट्स'च्या चौथ्या पुस्तकात, पाचव्या विधानात आहे (साधारण इ.स.पू. 300), पण त्याआधीचं श्रेय वादातलं आहे. काटकोन त्रिकोण वर्तुळात पहिल्यांदा थेलीजने बसवला असं ग्रीक चरित्रकार डायोजीनस लाएर्शियस पॅम्फिले या लेखिकेच्या हवाल्याने सांगतो आणि तिथेच, काहीजण हे पायथागोरसचं मानतात, असंही सांगतो. हे दोघं लेखक थेलीजनंतर कित्येक शतकांनी झाले, त्यामुळे एकाच नावावर अडून न राहता बहुधा युक्लिडआधीच ही गोष्ट माहीत होती एवढंच धरलेलं बरं.

समीकरण काढताना शाळेत मध्यबिंदू, चढ आणि मग लंबाचा चढ अशी रीत शिकवतात, पण रेषाखंड आडवा असला की लंबदुभाजक उभा येतो, उभ्या रेषेला चढच नसतो आणि पोरं तिथे अडकतात. त्यापेक्षा अंतरांचे वर्ग सरळ समान लिहिणं सोपं.

आता मालवण (0, 0) धरू, पूर्वेला x, उत्तरेला y, सगळं किलोमीटरमध्ये. ढोबळ मानाने रत्नागिरी (−17, 103) आणि कोल्हापूर (82, 71) येतं. मालवण-रत्नागिरीसाठी x² + y² = (x + 17)² + (y − 103)², यातले वर्ग दोन्हीकडून उडतात आणि उरतं −17x + 103y = 5449. मालवण-कोल्हापूरसाठी तसंच 82x + 71y = 5882.5. दोन्ही एकत्र सोडवली की x ≈ 22.7, y ≈ 56.6, म्हणजे खारेपाटणच्या आसपास. तिथून तिन्ही गावं सुमारे 61 किमी (सरळ रेषेत, घाट-वळणं सोडून). हा ताळा नेहमी तिन्ही बिंदूंवर करावा, कारण चिन्ह चुकलं की तिथेच कळतं.

पण कोल्हापूरऐवजी हर्णै (−39, 194) घेतलं तर काय होतं बघा. मालवण, रत्नागिरी, हर्णै ही तिन्ही बंदरं किनाऱ्याने जवळपास एका रेषेत असल्यामुळे दोन्ही लंबदुभाजक जवळजवळ समांतर जातात आणि परिकेंद्र थेट अरबी समुद्रात, मालवणच्या पश्चिमेला सुमारे 1,330 किमीवर जाऊन पडतं. गणित बरोबर आहे, पण त्यावर विश्वास ठेवता येत नाही: रत्नागिरीचा x −17 ऐवजी −18 घेतला, म्हणजे नुसता एक किलोमीटर सरकवला, तर परिकेंद्र 1,820 किमीवर जातं. हाच फरक कोल्हापूरच्या त्रिकोणात केला तर x 22.7 वरून 22.4 होतो, बस. म्हणून समीकरणं सोडवायच्या आधी दोन्ही बाजूंचे चढ बघून घ्यावेत, आणि ते जवळपास सारखे असतील तर तिसरा बिंदू किनारा सोडून आत, घाटावर घ्यावा.