इअरबड्सचा आवाज आपोआप कमी-जास्त होतो, त्यात हॅकर कुठेच नसतो

परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला, की वायरलेस इअरबड्सचा आवाज आपोआप कमी-जास्त व्हायला लागला तर समजा तुमचा फोन हॅक झालाय, लगेच ब्लूटूथ बंद करा वगैरे. खाली दहा जणांनी हात जोडले, एकाने तर माझ्या बड्सना कोणाची तरी नजर लागलीय असंही लिहिलं. आता एवढी मेहनत करून कोणाच्या फोनमध्ये घुसलेला माणूस गाण्याचा आवाज दोन पायऱ्या खाली करून गप्प का बसेल, हा साधा प्रश्न कोणालाच पडला नाही. खरी भानगड बहुतेक वेळा घामाची असते, आणि ती मला जाम आवडते म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बऱ्याच इअरबड्सच्या बाहेरच्या बाजूला आपण जिथे टॅप करतो तिथे बटण नसतं. प्लास्टिकच्या आत तांब्याची एक छोटी चकती असते, बस. शाळेत कपॅसिटर शिकलो होतो ना, दोन वाहक पृष्ठं आणि मध्ये विद्युतरोधक, तोच हा प्रकार. एक पृष्ठ ती चकती, मध्ये प्लास्टिक, आणि दुसरं पृष्ठ म्हणजे आपलं बोट, कारण शरीरात खारट पाणी भरलेलं आहे आणि ते चांगलं वाहक आहे. चकती ५ मिलिमीटर व्यासाची आणि वरचं प्लास्टिक १ मिलिमीटर जाड धरलं तर हिशोब येतो साधारण अर्धा पिकोफॅरड. एक पिकोफॅरड म्हणजे फॅरडचा एक लाख कोटीवा भाग. बोट नसतानाही चकती, तिच्या तारा आणि आजूबाजूचे भाग मिळून काही पिकोफॅरड असतातच, म्हणजे चिपला त्या ढिगात हा अर्धा-पाऊण पिकोफॅरडचा फरक ओळखायचा असतो, तोही सेकंदाला कितीतरी वेळा.

आता गंमत अशी की तो मूळचा ढीग स्थिर नसतो. ऊन, थंडी, दमट हवा, कानाचा आकार, सगळ्याने तो हळूहळू सरकतो. म्हणून चिप एक आधाररेषा धरून ठेवते आणि ती सतत दुरुस्त करत राहते, वाणी काट्यावर रिकामा डबा ठेवून आधी शून्य करतो तसं, फक्त इथे डब्याचं वजनच बदलत असतं. नियम साधा आहे: बदल सावकाश झाला तर ते हवामान, आधाररेषेत जिरवून टाका, बदल झटकन झाला आणि ठराविक मर्यादेच्या वर गेला तर ते बोट.

घाम याच नियमाला फसवतो. बडवर सुटा बसलेला घामाचा थेंब तसा निरुपद्रवी, कारण तो कशालाच जोडलेला नसतो. पण बड बॅटरीवर चालतो, त्याला जमिनीचा आधार नाही, त्याचा सर्किटचा आधार कानाच्या कातडीमार्फत आपल्या शरीराशीच जोडला गेलेला असतो (इथे थोडं डोकं गरगरेल, पुढचं वाक्य वाचलंत तरी चालेल). थोडक्यात, चकतीवरचा घामाचा थर कडेने वाहत वाहत कानाला टेकला की तो आपल्या शरीराचाच एक भाग होतो, आणि चिपच्या नजरेत बोट टेकलं आणि घामाचा ओघळ टेकला यात काहीच फरक उरत नाही. आणि हे टेकणं सावकाश नसतं, शेवटचा एक मिलिमीटर भरला की एका क्षणात होतं, म्हणून ते आधाररेषेत जिरत नाही.

आमचा एक मित्र सकाळी वेताळ टेकडी चढतो. त्याच्या बड्सना डावीकडे दाबून धरलं की आवाज कमी, उजवीकडे धरलं की जास्त अशी सोय आहे, धरून ठेवलं तर साधारण अर्ध्या सेकंदाला एक पायरी. चढ अर्धा झाला की आवाज सर्रकन खाली जायचा, थेट शून्य. त्याच्या फोनवर आवाजाच्या १५ पायऱ्या आहेत, म्हणजे आठ सेकंदांच्या आत सगळं गुल. तो फोनवरून वाढवायचा, परत खाली. मग थोड्या वेळाने खाली जाणं आपोआप थांबायचं, पण आता टॅप केलं तर डावा बड ढिम्म. याचंही कारण त्याच चिपमध्ये आहे: इतका वेळ कोणी बोट धरून ठेवत नाही असं ठरवून बऱ्याच चिप्स काही काळाने त्या अवस्थेलाच नवी आधाररेषा मानतात, म्हणजे घामासकट शून्य. मग खरं बोट टेकलं तरी फरक फारसा दिसत नाही. बड पुसला की आकडा आधाररेषेच्या खाली जातो, चिपला चूक कळते, आणि थोड्या वेळात सगळं ठीक. नाहीच झालं तर केसमध्ये ठेवून परत काढायचा, बरेच बड्स तेव्हा नव्याने शून्य धरतात. फक्त तेव्हा तो कोरडा हवा, नाहीतर परत घामासकटच शून्य.

डब्यावर आयपीएक्स-४ लिहिलंय म्हणून दुकानदार छातीठोकपणे घामाला चालतात म्हणतो, तर त्याचा अर्थ उडालेल्या पाण्याने आतलं सर्किट बिघडणार नाही एवढाच. घामाला बोट समजणार नाही असं त्यात कुठेही नाही. आणि ते तांदळाच्या डब्यात ठेवण्याचं जे फॅड आहे त्याने घामातलं मीठ जात नाही, मीठ तिथेच राहतं आणि हवेतला दमटपणा ओढून घेतं. किंचित ओल्या फडक्याने पुसून कोरडं करणं बरं.

पण सगळा दोष घामावर ढकलण्याआधी फोनची स्क्रीन बघा. हल्ली फोन आणि बड्स मिळून एकच आवाज ठेवतात, ब्लूटूथवरून ० ते १२७ असा एक आकडा इकडून तिकडे जातो, त्यामुळे बडवर आवाज बदलला तर फोनवरची पट्टीही हलते. पट्टी आपोआप हलतेय तर दोनच संशयित, बड किंवा फोनचं बटण. दोन्ही बड्स केसमध्ये ठेवा. तरीही पट्टी हलली तर फोनचं आवाजाचं बटण अडकलंय, बऱ्याचदा घट्ट कव्हर त्याला दाबत असतं नाहीतर कडेला मळ साचलेला असतो. कव्हर काढून बघा. पट्टी थांबली तर एक-एक बड लावून बघा, चोर सापडतो. ॲपमध्ये स्पर्श बंद करायची सोय असेल तर चालताना बंदच ठेवा. ज्यांच्या बड्सना खरं दाबायचं बटण असतं त्यांना घामाचा हा घोळ नाही, तिथे रबराखाली मळ जाऊन बटण आत अडकतं, आणि बोटाने दाबून टकटक जाणवत नसेल तर तेच.

पट्टी जागची हलत नाही आणि तरी आवाज बदलतो, तर गोष्ट वेगळी. कधी कानातलं रबर सैल होऊन बास गायब होतो आणि आपल्याला वाटतं आवाजच कमी झाला. कधी बडमधली बोलणं ओळखणारी सोय चालू असते, तुम्ही शेजारच्याशी दोन शब्द बोललात की ती गाणं खाली करते, गाण्याबरोबर गुणगुणलं तरी फसते. आणि फोन आला की आवाज बदलतो तो बिघाड नाहीच, कॉलचा आवाज गाण्याच्या आवाजापासून वेगळा साठवलेला असतो.

बड जोडल्या-जोडल्या कानठळ्या बसत असतील तर मात्र त्या एकत्र आवाजाचीच गडबड असू शकते. अँड्रॉइडमध्ये डेव्हलपर ऑप्शन्समध्ये Disable absolute volume असा एक खटका असतो. तो चालू केला की फोनचा आवाज वेगळा आणि बडचा वेगळा, दोन्ही एकमेकांवर गुणले जातात. त्यामुळे खटका टाकल्यावर पहिल्यांदा गाणं लावाल तेव्हा फोनची पट्टी तळाशी आणून मगच बड कानात घाला, बड स्वतःच्या पूर्ण आवाजावर बसलेला असू शकतो.