चलन मुद्दाम पाडलंय, हे ओळखायचं कसं?

इतवारीत विजेच्या माळांचा घाऊक धंदा करणारा एक ओळखीचा व्यापारी परवा म्हणाला, "चीननं आपलं चलन पाडून ठेवलंय, म्हणून तिकडचा माल असा स्वस्त पडते." नागपूरच्या बाजारात हे वाक्य जुनंच आहे. त्यातलं किती खरं, हे मात्र काळानुसार बदलत गेलं.

जुलै २००५ पर्यंत कित्येक वर्षं एका डॉलरला ८.२८ युआन हाच भाव होता. चिनी निर्यातदार डॉलर आणून युआन मागत होते, म्हणजे युआन महागायला हवा होता. तसं होऊ नये म्हणून चीनची मध्यवर्ती बँक येणारे डॉलर स्वतःच विकत घेत राहिली. परिणाम साध्या हिशेबात कळतो. ८२८ युआनची वस्तू परदेशात १०० डॉलरला पडे. समजा युआनचा योग्य भाव ६.९० असता, तर तीच वस्तू १२० डॉलरला गेली असती. चलन स्वस्त ठेवणं म्हणजे हेच. २००७ मध्ये चीनच्या चालू खात्यातली, म्हणजे परदेशाशी होणाऱ्या व्यापार-उत्पन्नाच्या हिशेबातली, शिल्लक जीडीपीच्या १० टक्क्यांच्या आसपास गेली होती आणि डॉलरची गंगाजळीही फुगत होती. त्या काळापुरता आरोपात दम होता, असं माझं मत आहे.

नुसता भाव घसरला म्हणून आरोप सिद्ध होत नाही. ५ ऑगस्ट २०१९ रोजी युआन घसरून एका डॉलरला ७ युआनहून जास्त पडू लागले आणि अमेरिकेनं त्याच दिवशी चीनवर चलन मुद्दाम पाडणारा देश असा शिक्का मारला. तोवर चीनची शिल्लक आटली होती. युआनची पातळी अर्थव्यवस्थेच्या स्थितीशी साधारण जुळते, असं आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं त्याच महिन्यात म्हटलं. जानेवारी २०२० मध्ये, व्यापार कराराच्या तोंडावर, शिक्का काढला गेला. शिक्का मारण्यात राजकारण किती असतं, ते इथं दिसतं.

आपला रुपयाही या चौकशीतून गेलाय. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेच्या अर्थखात्यानं भारताला, ज्यांच्या चलन धोरणावर नजर ठेवायची अशा देशांच्या निगराणी यादीत टाकलं. त्यांच्या तीन कसोट्या होत्या: अमेरिकेशी व्यापारात मोठं आधिक्य, चालू खात्यात भरघोस शिल्लक आणि वारंवार एकतर्फी डॉलर खरेदी. पहिलीत भारत सापडला, कारण आधिक्य सुमारे २३ अब्ज डॉलर होतं. तिसरीतही सापडला, कारण रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्ये निव्वळ सुमारे ५६ अब्ज डॉलर, म्हणजे जीडीपीच्या २.२ टक्के, खरेदी केली होती. दुसरीत मात्र उलटंच चित्र होतं. आपल्याकडं शिल्लक नव्हे, तूट होती. चलन स्वस्त करून जग लुटणाऱ्या देशाच्या खात्यात वर्षानुवर्षं तूट राहत नाही. परदेशी गुंतवणुकीचा ओघ वाढला की डॉलर साठवायचे आणि अडचणीत वापरायचे, हा रिझर्व्ह बँकेचा नेहमीचा शिरस्ता आहे.

त्याचा पुरावा त्याच वर्षी मिळाला. ऑक्टोबर २०१८ मध्ये डॉलर ७४ रुपयांवर गेला, तेव्हा रिझर्व्ह बँक रुपया सावरायला डॉलर विकत होती. मे २०१९ मध्ये भारताचं नाव यादीतून निघालं.