एक शब्द वाढला आणि साठ मैफली पुन्हा चढल्या

ग्वाल्हेरला लष्कर नावाच्या भागात आमच्या मामांच्या माडीवर घरगुती मैफलींच्या जुन्या टेप होत्या. दोन वर्षं खपून त्या संगणकावर उतरवल्या. साठ मैफली, प्रत्येकीचे दोन भाग, म्हणजे साधारण तासाभराच्या १२० वेव्ह फायली. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ. अशा आवाजाला सेकंदाला २,८८,००० बाइट लागतात, म्हणून तासाची एक फाईल १०३ कोटी ६८ लाख बाइटांची होते. ढोबळमानाने एक जीबी. सगळ्या फायली एका ऑनलाइन साठवण सेवेत चढवून झाल्या आणि मग मामा म्हणाले, "अरे, नावापुढे पूर्वार्ध-उत्तरार्ध लिहून टाक, नाहीतर ऐकणाऱ्याला काय कळणार?"

लिहिलं. फाईलच्या नावात नव्हे, फाईलच्या आत, जिथे राग, गायक, तारीख ही माहिती असते तिथे. आवाजाला हात लावला नव्हता. तरी सेवेने सगळ्या फायली पुन्हा चढवायला घेतल्या. आमच्या जोडणीचा अपलोड ४ एमबीपीएसचा. एका फाईलला साधारण ३५ मिनिटं, १२० फायलींना ६९ तास. मामांना वाटलं मी काहीतरी बिघडवलं. मी काहीच बिघडवलं नव्हतं. हे असं का होतं, त्याचा उगम बराच जुना आहे.

दूरच्या संगणकावर फाईल पाठवण्याच्या जुन्या पद्धती 'ही घे फाईल' एवढंच बोलतात. त्यांतल्या एफटीपी या पद्धतीचं १९८५ चं मानक पाहिलं तर त्यात फाईल ठेवण्याची आज्ञा आहे, शेवटी जोडण्याची आहे, तुटलेलं पुढे चालू करण्याची आहे. 'अमुक ठिकाणी हे अठ्ठावीस बाइट घुसव आणि बाकीचं मागे सरकव' अशी आज्ञा नाही. वेबच्या एचटीटीपीमधला `PUT` हाही जुनी वस्तू काढून नवी ठेवतो. २००६ साली ॲमेझॉनने एस-३ ही साठवण सुरू केली, तिथेही ठेवलेली वस्तू मधूनच दुरुस्त करता येत नाही, अख्खी बदलावी लागते. अशा पायावर उभी राहिलेली साधी सेवा फाईलची तारीख किंवा आकार बदललेला दिसला की पूर्ण फाईल उचलते. तिला आळशी म्हणता येईल, चुकीची नाही.

फाईलींमधला फरक काढणं मात्र लोकांना त्याच्याही आधीपासून येत होतं. युनिक्सवरचा `diff` १९७० च्या दशकातला. पण त्याला जुनी आणि नवी अशा दोन्ही प्रती एकाच यंत्रावर लागतात. आमची जुनी प्रत दूर कुठल्यातरी सर्व्हरवर, नवी लष्करात. तुलना करण्यासाठी एक प्रत दुसरीकडे न्यायची तर तेच पुन्हा एक जीबी.

यावरचा सरळ उपाय कुणालाही सुचेल. फाईलचे ठरावीक मापाचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याचा ठसा काढायचा. ठसा म्हणजे मजकुरावरून हिशेबाने काढलेला छोटा आकडा, मजकूर बदलला की तोही बदलतो. दोन्हीकडचे ठसे जुळवायचे आणि न जुळलेले तुकडेच पाठवायचे. ड्रॉपबॉक्सची फाईल तपासायची जाहीर पद्धत याच धर्तीची आहे: ४ एमबीचे तुकडे, प्रत्येकाचा एसएचए-२५६ ठसा.

आता समजा आपल्या एक तासाच्या फाईलचे असे तुकडे केले. २४८ होतात. एका फाईलमध्ये 'मल्हार'च्या जागी 'मल्लार' पडलं होतं. संगणकावर अक्षरं साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं, मग तो ह असो वा ल. एकाच्या जागी दुसरं आलं, लांबी तीच राहिली, बाकी सगळं जागच्या जागी. बदलला तो पहिला तुकडा. ४ एमबी गेले, काम झालं.

'पूर्वार्ध' जोडताना गोष्ट वेगळी. प, ऊकार, र, हलन्त, व, काना, र, हलन्त, ध अशी नऊ चिन्हं, २७ बाइट. गंमत म्हणजे 'उत्तरार्ध'चेही नेमके तेवढेच. आधीची मोकळी जागा धरून २८. आमच्या प्रोग्रॅमने माहितीचा कप्पा फाईलच्या तोंडाशी, आवाजाच्या आधी ठेवला होता. त्यामुळे पुढचा तासभराचा आवाज २८ बाइटांनी मागे सरकला. आवाज तोच, पण दुसऱ्या तुकड्याची सुरुवात आता पहिल्याच्या शेपटाने होते, तिसऱ्याची दुसऱ्याच्या. नाटकाच्या रांगेत डावीकडे एक पाहुणा घुसावा आणि सगळ्यांनी एकेक खुर्ची सरकावं, तसं. माणसं तीच, खुर्चीगणिक पाहिलं तर प्रत्येक खुर्चीवर वेगळा माणूस. २४८ पैकी एकही ठसा जुळत नाही. निखळ शांततेचे तुकडे तरी जुळतील असं वाटेल, पण टेपवरच्या शांततेतही खरखर असते आणि ती कधी जशीच्या तशी पुन्हा येत नाही.

म्हणजे तुकडे पाडणं पुरेसं नव्हतं, सरकलेला तुकडा ओळखता यायला हवा होता. हे १९९६ मध्ये जमलं. कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतल्या अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी आरसिंक हा प्रोग्रॅम त्या वर्षी जाहीर केला. युनिक्स आणि विंडोज यांच्यात फायली वाटून घेऊ देणारा सांबा लिहिणारे ट्रिजेल ते हेच. जुनी प्रत ज्याच्याकडे आहे तो तिचे तुकडे पाडून ठसे पाठवतो. नवी प्रत ज्याच्याकडे आहे तो ते ठसे हातात घेऊन आपली फाईल तुकड्या-तुकड्याने नव्हे, एकेक बाइट सरकत तपासतो. जुना तुकडा कुठेही दडला असला तरी सापडतो.

पण शंभर कोटी जागांवर प्रत्येक वेळी पूर्ण ठसा काढायचा म्हणजे संगणक दमून जाईल. इथे युक्ती आहे ती सरकत्या बेरजेची. तीन आकड्यांची खिडकी घेऊ: ५, ३, ८. बेरीज १६. पुढचा आकडा १ आहे. खिडकी एक घर सरकली की पुन्हा बेरीज करायची गरज नाही, १६ मधून ५ काढा, १ घाला, १२. खिडकी तीनची असो की तीस हजारांची, कष्ट तेवढेच. नुसत्या बेरजेला क्रम कळत नाही, ३, ८, ५ चीही १६ च येते. म्हणून दुसरी, वजन दिलेली बेरीज जोडीला ठेवतात: पहिल्या आकड्याची तिप्पट, दुसऱ्याची दुप्पट, तिसरा एकदा. १५, ६ आणि ८ मिळून २९. तीही तशीच सरकते. गेलेल्या ५ ची तिप्पट वजा करा, नवी साधी बेरीज १२ मिळवा, २६. ताळा पाहा: ३ ची तिप्पट ९, ८ ची दुप्पट १६, आणि १. सव्वीसच.

ही जोडी कच्ची, चुकून जुळू शकते. म्हणून ती जुळली की तेव्हाच दुसरा, पक्का ठसा काढून खात्री करतात. तो महाग हिशेब क्वचितच करावा लागतो आणि म्हणूनच सगळं परवडतं.

आरसिंक तुकड्याचं माप साधारण फाईलच्या लांबीच्या वर्गमुळाएवढं धरतो. आपल्या फाईलसाठी सुमारे ३२,२०० बाइट, आणि तुकडेही तितकेच. प्रत्येकामागे ठशाचे २० बाइट धरले तरी साडेसहा लाख बाइट तिकडून येतात. आपल्याकडून जातो तो बदललेला एखादा तुकडा आणि बाकीच्यांची 'हा तुमच्याकडे आहे' एवढी खूण. एक जीबीच्या जागी एक एमबीहून कमी.

पुण्यात मावसभावाच्या घरी लिनक्सची पेटी चालू असते, तिच्याशी हे जुळवलं:

```
rsync -t --stats malhar.wav ghar@peti:/awaaz/
```

`--stats` दिलं की शेवटी दोन ओळी पाहायच्या. `Matched data` म्हणजे तिकडे आधीच सापडलेलं, `Literal data` म्हणजे खरोखर पाठवलेलं. `Literal data` चा आकडा फाईलएवढा निघाला तर युक्ती लागू पडलेली नाही. मी पहिल्यांदा तसंच करून बसलो होतो. पुण्याचं फोल्डर माझ्या संगणकावर जोडून घेतलं आणि त्यात आरसिंक केला. त्याला दोन्ही बाजू आपल्याच यंत्रावर वाटल्या, आणि तसं वाटलं की तो मुद्दाम अख्खी फाईल पाठवतो. पलीकडे ठसे काढायला कुणी प्रोग्रॅम असावा लागतो, ही या पद्धतीची मूळ अट आहे.

नुसती साठवण देणाऱ्या सेवांपाशी नेमकं तेच नसतं. त्यावरचा मार्ग २००१ मधला, एलबीएफएस या संशोधन प्रणालीतला. तिथे तुकड्यांच्या सीमा मापाने नव्हे, मजकुराने ठरतात. ४८ बाइटांची खिडकी सरकवत जायचं, तिच्या ठशाचे शेवटचे १३ बिट ठरलेल्या किमतीचे आले की तिथे रेघ. सरासरी ८,१९२ बाइटांना अशी रेघ पडते. तोंडाशी २८ बाइट घुसले तरी पुढच्या रेघा आवाजाबरोबरच सरकतात, त्याच सुरांवर पडतात, आणि बहुधा पहिलाच तुकडा नवा ठरतो. पलीकडच्याला हिशेब करावा लागत नाही, त्याने तुकडे आणि त्यांची यादी ठेवली की झालं. रेस्टिक, बोर्ग हे बॅकअपचे प्रोग्रॅम याच वाटेने जातात. मोठ्या सेवांमध्ये हे सावकाश आलं. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हवर ऑफिसखेरीज इतर फायलींना फरकापुरतं पाठवणं २०२० मध्ये मिळालं.

दोन्ही पद्धती एका ठिकाणी हरतात. फाईल सलग दाबलेली असेल, म्हणजे जीझिप किंवा एकाच फाईलची झिप, तर आतला एक शब्द बदलला की तिथून पुढचे बाइटच वेगळे निघतात. सरकलेले नव्हे, वेगळे. फ्लॅक या दाबलेल्या आवाजाच्या फाईल-प्रकारात हा त्रास नाही, कारण तिथे आवाजाचे छोटे भाग स्वतंत्रपणे दाबलेले असतात आणि माहितीच्या कप्प्याशेजारी सहसा हजारो बाइट मोकळे सोडलेले असतात. 'पूर्वार्ध' त्या मोकळ्या जागेत मावतो, आवाज हलतच नाही. आधी कळलं असतं तर वेव्हच्या नादी लागलो नसतो.

राहिला तो 'मल्लार'. ती दुरुस्ती मी सगळ्यात शेवटी केली, आरसिंक चालवला, क्षणात संपला. तीन महिन्यांनी मावसभावाचा फोन: "अरे, इकडे अजून मल्लारच आहे." आरसिंक आधी फक्त फाईलचा आकार आणि बदलाची तारीख बघतो, दोन्ही तीच असली तर आत डोकावतही नाही. ल च्या जागी ह, आकार तोच. आणि माझ्या टॅग लिहिणाऱ्या प्रोग्रॅममध्ये 'बदलाची तारीख जपा' या चौकटीत खूण होती. `--checksum` घालून पुन्हा चालवला, तेव्हा दोन्हीकडच्या डिस्क १२० फायली पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत बराच वेळ बसल्या आणि मग एका मैफलीचा एक तुकडा पुण्याला गेला.