भांडवल उभारणी खर्च : निव्वळ वर्तमान मूल्यातील समावेश

प्रकल्पासाठी भांडवल उभारताना कर्जावरील प्रक्रिया शुल्क आणि शेअर विक्रीचा खर्च (हमीदारांचे कमिशन, कायदेशीर व नोंदणी शुल्क, छपाई इत्यादी) हे आरंभिक गुंतवणुकीत मिळवून निव्वळ वर्तमान मूल्य काढण्याची पद्धत. हा खर्च सुरुवातीलाच एकदाच होतो, म्हणून तो वटावाच्या दरात न मिसळता शून्याव्या वर्षाच्या बहिर्वाहात धरावा, हे तिच्यामागील तत्त्व आहे.

पूर्वीच्या पाठ्यपुस्तकांत याउलट रीत होती. शेअरच्या किमतीतून विक्रीखर्च वजा करून उरलेल्या रकमेवर लाभांशाचे प्रमाण काढले जाई, त्यात लाभांशवाढीचा दर मिळवला जाई आणि अशा वाढीव दराने प्रकल्पाचे सर्व प्रवाह वटवले जात. या रीतीवरील पद्धतशीर टीका साधारणपणे १९७० च्या दशकात पुढे आली. स्ट्युअर्ट मायर्स यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या समायोजित वर्तमान मूल्याच्या पद्धतीत वित्तपुरवठ्याचे परिणाम प्रकल्पाच्या मूळ मूल्यापासून वेगळे मोजले जातात, तर एझेल आणि पोर्टर यांनी १९७६ मध्ये उभारणी खर्च आणि भांडवलाचा भारित सरासरी दर यांच्या संबंधाची स्वतंत्र चर्चा केली. ज्यांचे दर नियामक ठरवतो अशा सेवा कंपन्यांचा परतावा ठरवताना दर वाढवण्याची रीत काही प्रमाणात टिकून आहे. प्रकल्पाच्या मूल्यमापनासाठी मात्र गुंतवणुकीत भर घालणे अधिक सयुक्तिक दिसते.

समजा, प्रकल्पाला १,००० एकके निव्वळ लागतात. त्यांपैकी ६० टक्के रक्कम नव्या शेअरमधून ५ टक्के खर्चाने आणि ४० टक्के कर्जातून १ टक्का शुल्काने उभारायची आहे. भारित खर्च ३.४ टक्के येतो. येथे १,००० चे ३.४ टक्के, म्हणजे ३४ एकके मिळवून थांबणे ही नेहमी आढळणारी चूक आहे, कारण खर्चाची रक्कमसुद्धा उभारावी लागते आणि तिच्यावरही खर्च बसतो. म्हणून १,००० ला ०.९६६ ने भागून एकूण उभारणी १,०३५.२ एकके धरावी लागते.

प्रकल्पातून १० वर्षे दरवर्षी १८० एकके मिळणार असतील आणि भारित सरासरी दर १२ टक्के असेल (शेअर भांडवल १५ टक्के, करोत्तर कर्ज ७.५ टक्के), तर प्रवाहांचे वर्तमान मूल्य सुमारे १,०१७ येते. खर्च दुर्लक्षिला तर निव्वळ मूल्य धन १७ दिसते. तो गुंतवणुकीत मिळवला तर ऋण १८ होते. जुन्या रीतीने, लाभांश ८ टक्के व वाढ ७ टक्के धरल्यास, शेअर भांडवलाचा दर १५.४ च्या आसपास, कर्जाचा ७.५८ आणि सरासरी दर सुमारे १२.२८ टक्के होतो. त्या दराने निव्वळ मूल्य धन ५ येते आणि प्रकल्प स्वीकारार्ह ठरतो. एकाच खर्चाचे दोन निकाल लागतात, कारण दरवाढीचा भार प्रत्येक वर्षीच्या प्रवाहावर पडतो आणि त्याचे एकूण मूल्य प्रकल्पाच्या आयुष्यावर अवलंबून राहते. प्रत्यक्षात दिलेले शुल्क मात्र आयुष्याने बदलत नाही. भांडवल एकाच प्रकारचे, लाभांशात वाढ नाही आणि प्रवाह समान व कायमस्वरूपी आहेत, अशा मर्यादित स्थितीत दोन्ही रीती एकच निर्णय देतात.

सरासरी खर्च काढताना कर्ज आणि शेअर यांचे प्रमाण कोणते घ्यावे याबद्दल मतभेद आहेत. यंदा केवळ कर्जच काढले जात असल्याने १ टक्काच धरावा, असे काहींचे म्हणणे असते. परंतु आज वापरलेली कर्जक्षमता पुढे शेअर विकूनच भरून काढावी लागते. त्यामुळे कंपनीने दीर्घकाळासाठी ठरवलेल्या भांडवल रचनेतील प्रमाण घेणे योग्य. राखून ठेवलेल्या नफ्यातून आलेल्या भागाला विक्रीखर्च नसतो, म्हणून शेअर भांडवलाचा सरासरी खर्च त्या प्रमाणात कमी होतो. परत न मिळणारे अर्ज शुल्क आधीच भरलेले असेल, तर निर्णयापुरते ते गेलेलेच समजावे.

सर्वांत घातक दोष दुहेरी मोजणीचा. कर्जदात्याने सांगितलेल्या प्रभावी वार्षिक दरात शुल्क अनेकदा आधीच सामावलेले असते. तो दर सरासरीत घेऊन शुल्क गुंतवणुकीतही मिळवले, तर एकच रक्कम दोनदा मोजली जाते. याची पडताळणी सोपी आहे. करपूर्व दराने कर्जाचे सर्व हप्ते वटवावेत. बेरीज कर्जाच्या मंजूर रकमेइतकी आली तर शुल्क दराबाहेर आहे. हाती पडलेल्या निव्वळ रकमेइतकी आली तर ते दरातच आहे, आणि अशा वेळी करारातील मूळ व्याजदर वापरावा.

कराची वागणूक देशागणिक वेगळी आहे. कर्जशुल्क मुदतीवर विभागून वजावट मिळत असेल, तर त्या करबचतीचे वर्तमान मूल्य आरंभिक रकमेतून वजा करतात. वरील उदाहरणात शुल्क सुमारे ४.१ एकके असल्याने, २५ टक्के कर धरल्यास ही बचत एका एककाहूनही कमी भरते आणि निर्णय बदलत नाही.