कोल्हापूरची बाई ‘मी आलो’ म्हणते: संवादांच्या अनुवादात बोली आणि प्रमाण मराठी

कथा कन्नडमधून आलेली असो की इंग्रजीतून, गावाकडचं पात्र बोलायला लागलं की अनुवादकाचा हात ठरलेल्या वाटेनं जातो. ‘आहे’चं ‘हाय’ करायचं, ‘नाही’चं ‘न्हाई’, ‘खूप’चं ‘लई’. पात्र कोल्हापूरकडचं ठरवलं असेल तर दोन-चार ठिकाणी ‘भावा’ आणि ‘नाद खुळा’ टाकायचं, आणि बोलीत अनुवाद केला म्हणायचं. हे वर्षानुवर्षं वाचून मी कंटाळलो आहे. ही बोली नाही, ही धोतर नेसवलेली प्रमाण मराठी आहे. वाक्याची बांधणी पुण्याच्या पाठ्यपुस्तकातली आणि शुद्धलेखन तेवढं बिघडवलेलं.

प्रमाण मराठी तुम्हाला येतेच, तेव्हा तिच्यावर वेळ घालवत नाही. एक गोष्ट तेवढी बाजूला काढू. ‘असे केले’ आणि ‘असं केलं’ हा फरक बोलीचा नाही. दोन्ही प्रमाणच, एक छापील वळणाचं आणि एक बोलण्यातलं. पात्राच्या तोंडी ‘असं केलं’ घालायला साहित्य महामंडळाच्या लेखननियमांचीही हरकत नाही. त्यामुळं प्राध्यापक असो की हमाल, संवादात अनुस्वार येणारच. अनुस्वार दिले म्हणून पात्र ग्रामीण होत नाही, आणि पात्र शहरी आहे म्हणून त्याच्या तोंडी ‘मी त्याला सांगितले’ घातलं तर तो माणूस नोटीस वाचून दाखवतोय असं वाटतं.

शब्द आणि उच्चार यांचंही थोडक्यात. कवा, तवा, हितं, पोरास्नी, घरातनं ही रूपं खरी आहेत, जरूर वापरा. पण दिसेल त्या ‘ण’चा ‘न’ करत सुटू नका, आमच्याकडं सगळे तसं बोलत नाहीत. ‘गा’ पुरुषाला असतो, बाईला ‘गं’. आणि ‘नाद खुळा’ला माझा सक्त विरोध आहे. ते बोलणं पोरांच्या कट्ट्यावरचं आहे. साठीतल्या बाईच्या तोंडी ते घातलं की पात्र गेलंच.

आता खरा फरक. तो क्रियापदात आहे, आणि नव्वद टक्के गोंधळ तिथंच होतो असं माझं मत आहे.

प्रमाण मराठीत पुरुष ‘मी आलो’ म्हणतो, बाई ‘मी आले’ म्हणते. तो ‘जातो’, ती ‘जाते’. कोल्हापूर भागात कितीतरी बायका ‘मी आलो’, ‘मी जातो’, ‘मी दमलोय’ असंच म्हणतात. घरात, शेतात, भाजी मंडईत, कुठंही कान दिलात तर ऐकू येईल. बाहेरच्यांना वाटतं की ही बाई पुरुषासारखं बोलते. तसं काही नसतं. या बोलीत प्रथमपुरुषी क्रियापद लिंग दाखवतच नाही, एवढाच त्याचा अर्थ. प्रमाणातही अनेकवचनात हेच आहे, ‘आम्ही आलो’ बायकाही म्हणतात आणि कुणाला खटकत नाही. ‘मी येईन’ यातूनही बोलणारा कोण ते कळत नाही. कोल्हापुरीनं ती मोकळीक ‘आलो’ आणि ‘येतो’पर्यंत नेली. शेजारच्या कन्नडमध्येही प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंग नसतं, ‘नानु बंदे’ बाईही म्हणते आणि बाप्याही.

पण हे ‘मी’पुरतंच आहे, आणि अनुवादक इथंच घसरतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या पुरुषात लिंग शाबूत असतं: ‘कवा आलीस?’, ‘ती आली’. विशेषणही शाबूत असतं. बाई ‘मी एकटीच आलो’ म्हणते, ‘एकटी’ स्त्रीलिंगी आणि ‘आलो’ तसाच. पुण्यामुंबईच्या वाचकाला हे वाक्य छपाईची चूक वाटतं. कोल्हापूरच्या कानाला ते सरळ आहे.

याच्याच जोडीला दुसरा फरक येतो. प्रमाणात ‘मी भाकरी खाल्ली’, ‘मी आंबा खाल्ला’, ‘मी त्याला सांगितलं’. क्रियापद कर्माकडं बघून बदलतं, आणि कर्माला ‘ला’ लागला की नपुंसकलिंगी होतं. कोल्हापूर आणि खाली सीमाभागाकडं ‘मी भाकरी खाल्लो’, ‘मी त्याला सांगितलो’, ‘मी काम केलो’ ऐकू येतं. इथं क्रियापद ‘मी’कडं बघतं. याला अशुद्ध म्हणणाऱ्यांनी आपलीच प्रमाण मराठी जरा तपासावी. ‘मी पाणी प्यालो’, ‘मी कविता विसरलो’, ‘मी पोहायला शिकलो’ हे प्रमाणच आहे, आणि तिथंही क्रियापद कर्माला विचारत नाही. प्रमाणात जे मोजक्या क्रियापदांना चालतं ते इथं प्रथमपुरुषात सरसकट चालतं. म्हणजे हा नियम आहे. तिसऱ्या पुरुषात माझ्या कानावर ‘त्यानं सांगितलं’ असंच येतं, म्हणून मी तिथं हात लावत नाही.

आपण बोली लिहिली की नुसतं शुद्धलेखन बिघडवलं, हे ओळखायची माझी एक कसोटी आहे. लिहिलेल्या संवादातल्या प्रत्येक शब्दाचं स्पेलिंग मनातल्या मनात प्रमाण करून बघायचं. ‘हाय’चं ‘आहे’, ‘कवा’चं ‘केव्हा’. एवढं करून वाक्य जर निखळ प्रमाण झालं, तर त्यात बोली नव्हतीच. ‘मी एकटीच आलो’ या वाक्याचं स्पेलिंग कितीही सुधारा, ते प्रमाण होणार नाही. बोली तिथं आहे.

एक प्रसंग घेऊन बघू. समजा कथा कन्नडमधली आहे. लग्न झालेली बहीण न सांगता माहेरी आली आहे आणि भाऊ दारात उभा आहे. मूळ संवाद निवेदनापेक्षा वेगळ्या, गावच्या कन्नडमध्ये आहेत. (नसते, तर मी बोली वापरलीच नसती. मूळ पात्र साध्या प्रमाण भाषेत बोलत असेल तर त्याला बोलीत ढकलणं ही लुडबुड आहे.) नेहमीचा अनुवाद असा येतो:

‘कवा आलीस गा?’
‘म्या आत्ताच आले. सासूला म्या सांगितलो हाय. लई भूक लागलीया.’

यात ‘गा’ बहिणीला लावला आहे, तो गेला. ‘म्या’ खेड्यातल्या जुन्या माणसांच्या तोंडी खरोखर असतो, पण तो आला की पुढं ‘सांगितलं’ येतं. ‘म्या सांगितलो’ म्हणजे दोन तोंडांची रूपं एका वाक्यात बांधली. आणि ‘आले’च्या शेजारी ‘सांगितलो’ म्हणजे एकाच दमात बाई प्रमाणही बोलते आणि कोल्हापुरीही. मी असं लिहीन:

‘कवा आलीस गं?’
‘आत्ताच आलो की.’
‘एकटीच?’
‘एकटीच आलो. सासूला सांगितलो. जेवलो न्हाई अजून.’

बोलीचे शब्द यात कमीच आहेत. ‘हाय’ एकदाही नाही, ‘लई’ नाही. तरी ही बाई कुठली ते कळतं. आणि तिचा ‘आलो’ वाचकाला चकवत नाही, कारण आधी भावाच्या तोंडी ‘आलीस गं’ येऊन गेलं आहे. हे मी मुद्दाम करतो. बाईचा पहिला ‘आलो’ यायच्या आधी समोरच्याच्या वाक्यातून, ‘आक्का’ किंवा ‘वैनी’ अशा हाकेतून ती बाई आहे हे कळलं पाहिजे. ती व्यवस्था नसेल तर वाचक परिच्छेदभर पुरुष समजून वाचतो आणि मग मागं फिरतो.

चालू काळाचं एक रूपही इथं सांगायला हवं, कारण तेही स्पेलिंगनं सुटत नाही. ‘काय करतोयस?’ला कोल्हापुरात ‘काय करालाईस?’ आणि उत्तर ‘जेवालोय’. नवख्या वाचकाला ‘जेवालोय’ म्हणजे जेवून झालं असं वाटू शकतं, तर ‘करालाईस’मध्ये प्रमाणातला भविष्यकाळी ‘कराल’ दिसू शकतो. म्हणून हे रूप मी अशाच ठिकाणी ठेवतो जिथं प्रसंगातून काळ उघड आहे, पात्राच्या हातात घास आहे किंवा चुलीवर तवा आहे. लिहायच्या पद्धती चार आहेत. कुठलीही घ्या, पण पूर्ण कथेत तीच ठेवा.

सगळ्याच बायका सगळीकडं ‘आलो’ म्हणतात असंही समजू नका. घराघरात फरक आहे. तीच बाई बँकेत साहेबांसमोर ‘मी काल पण आले होते’ म्हणेल आणि बाहेर जावेला ‘काल पण आलो होतो की मी’ सांगेल. अनुवादकाच्या हातातलं हे मोठं साधन आहे. मूळ कथेत पात्र अवघडून, जपून बोलायला लागलं तर तिथं ‘आले’ करा, घरी आल्यावर ‘आलो’. मात्र हा बदल प्रसंगानं घडवलेला असला पाहिजे. एका मासिकानं माझ्या अनुवादातले निम्मे ‘आलो’ तपासताना ‘आले’ केले आणि निम्मे राहून गेले. बाई पानाच्या मध्यावर बोली बदलून मोकळी झाली, आणि का ते कुणालाच सांगता येईना. तेव्हापासून हस्तलिखितासोबत मी प्रूफं बघणाऱ्यांसाठी एक चिठ्ठी जोडतो. कोणतं पात्र ‘आलो, जातो, सांगितलो’ म्हणणार, कोणतं नाही, आणि मुद्दाम बदल केलेली पानं कोणती, एवढंच तिच्यात असतं. एखाद्या रूपावर वाद झालाच, तर डेक्कन कॉलेजानं राज्य मराठी विकास संस्थेबरोबर केलेलं बोलींचं सर्वेक्षण संकेतस्थळावर खुलं आहे. त्यात गावोगावच्या लोकांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलेलं आहे.

सगळ्यात अवघड कथा म्हणजे बाईनं स्वतः सांगितलेली. निवेदनातही ‘मी’ आणि संवादातही ‘मी’. निवेदन प्रमाणात ठेवलं तर ती वाचकाला ‘मी दारात आले’ सांगते आणि पुढच्याच ओळीत भावाला ‘आलो की’ म्हणते. काही अनुवादक हे चालवून घेतात. मी फक्त एका स्थितीत चालवतो, जेव्हा ती शिकून, गाव सोडून, मागाहून आठवून सांगते आहे. तेव्हा ‘आले’ आजच्या बाईचं आणि ‘आलो’ तेव्हाच्या पोरीचं. ती अजून त्याच घरात, त्याच चुलीपुढं बसून बोलत असेल, तर निवेदनातही ‘आलो’च पाहिजे, पहिल्या वाक्यापासून, आणि त्या वाक्यात एखादं ‘एकटी’ किंवा ‘दमलेली’ असं विशेषण ठेवून.