नूडल्सवरचं 'मेण': अफवेमागचा इतिहास

इन्स्टंट नूडल्सवर मेणाचा थर दिलेला असतो, म्हणून त्या एकमेकींना चिकटत नाहीत. उकळल्यावर पहिलं पाणी फेकून द्या, आणि एकदा खाल्ल्या की पुढचे काही दिवस खाऊ नका, कारण ते मेण शरीरातून बाहेर पडायला वेळ लागतो. हा निरोप मराठी घरांत व्हॉट्सअ‍ॅपवरून आला असला, तरी तो व्हॉट्सअ‍ॅपपेक्षा जुना आहे. साधारण २००० साली तो इंग्रजी ईमेलमधून फिरत होता आणि त्यातले तपशील सिंगापूर-मलेशियाकडचे होते. त्यात विमान कंपनीतला एक कर्मचारी होता. स्वयंपाकाला वेळ नाही म्हणून तो रोज नूडल्स खायचा आणि कर्करोगाने गेला, अशी ती गोष्ट होती. त्या माणसाचं नाव नव्हतं, डॉक्टरचं नाव नव्हतं, तारीखही नव्हती. त्याच ईमेलमध्ये बाजारातल्या ताज्या पिवळ्या नूडल्सना चिकटू नये म्हणून तेल लावतात, असंही लिहिलं होतं. ती गोष्ट मात्र खरी आहे. म्हणजे तेलाचं खरं उत्तर निरोपातच होतं, फक्त ते दुसऱ्या नूडल्सच्या नावावर टाकलेलं होतं.

इन्स्टंट नूडल्समध्ये तेल कुठून येतं, ते समजायला १९५८ पर्यंत मागे जावं लागतं. जपानमध्ये ओसाकाजवळच्या इकेदा गावी मोमोफुकु आंदो घरामागच्या शेडमध्ये एका अडचणीशी झगडत होते. शिजवलेल्या नूडल्स महिनोन् महिने टिकल्या पाहिजेत आणि गरम पाण्यात काही मिनिटांत पुन्हा मऊ झाल्या पाहिजेत, असं त्यांना हवं होतं. नुसत्या वाळवलेल्या नूडल्स टिकतात, पण पाणी लवकर पीत नाहीत. त्यांना वाट सापडली ती तळण्यात. २५ ऑगस्ट १९५८ रोजी त्यांचं 'चिकन रामेन' बाजारात आलं, आणि आजही बहुतेक पाकिटांतल्या नूडल्स त्याच पद्धतीने तयार होतात.

कारखान्यात मैदा, पाणी, मीठ आणि थोडे क्षार यांचं पीठ मळतात, रोलरखाली पातळ लाटतात आणि त्याच्या बारीक पट्ट्या कापतात. पट्ट्या कापणीतून ज्या वेगाने बाहेर येतात, त्यापेक्षा खालचा वाहक पट्टा हळू चालतो, म्हणून त्यांना लाटा पडतात. या लाटांमुळे तंतू एकमेकांना सपाट टेकत नाहीत. मग वाफ देतात, त्यात मैद्यातला स्टार्च शिजतो. त्यानंतर ठरावीक मापाचे तुकडे साच्यात घालून साधारण १४० ते १६० अंश सेल्सिअसच्या तेलात एक-दोन मिनिटं तळतात. तेलात पडताच आतलं पाणी वाफ होऊन जोरात बाहेर पडतं, आणि जिथून ती बाहेर पडते तिथे सूक्ष्म छिद्रं राहतात. त्यांतली बरीचशी तेलाने भरतात. तळण्याआधी वजनाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असलेलं पाणी शेवटी शेकडा दहाच्याही खाली येतं, आणि तेल शेकडा १५ ते २० च्या घरात जातं. मेण लावण्याची पायरी यात कुठेच नाही.

उलट मेण लावलं तर माल बिघडेल. सफरचंदांना खाद्य मेणाचा पातळ थर देतात, तो फळातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून. मेणाचं कामच पाणी अडवण्याचं आहे. ज्या नूडल्सनी दोन-तीन मिनिटांत पाणी पिऊन फुगायचं आहे, त्यांच्यावर पाणी अडवणारा थर दिला तर त्यांना पाणी पिणं अवघड जाईल. आंदोंनी तळून जी छिद्रं मिळवली, ती मेणाने बुजवण्यासारखं होईल ते.

मग इतक्या लोकांना हात लावल्यावर मेणच का आठवतं? याचं कारण तळण्याच्या तेलात आहे. बहुतेक ठिकाणी पाम तेल वापरतात, कारण ते तापवल्यावर आणि साठवल्यावर इतर अनेक तेलांपेक्षा सावकाश खराब होतं. साधं पाम तेल साधारण ३५ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे खोलीच्या तापमानाला ते अर्धवट गोठलेलं असतं. त्यामुळे वडीला बोट लावलं की तेल ओघळत नाही, मेणचट लागतं. पातेल्यातलं पाणी गार झालं की वर पांढुरका तवंग धरतो आणि थंडीत तो कडेला जमतो, डालड्यासारखा. पाणी गढूळ दिसतं ते त्यात सुटलेल्या स्टार्चमुळे.

हा तवंग घरीही तपासता येतो. मसाला न घालता नूडल्स उकळा, पाणी गाळून फ्रीजमध्ये ठेवा आणि वर जमलेला थर चमच्याने काढून बोटांत चोळा. पाम तेल बोटांच्या उबेने ओशट होऊन पसरतं, भांड्याच्या साबणाने आणि गरम पाण्याने निघून जातं. मेणबत्तीचं मेण साधारण ५० ते ६० अंशांशिवाय वितळत नाही. बोटांत त्याचे कणच राहतात आणि ते साबणाला दाद देत नाही. प्रयोगशाळेच्या चाचणीची जागा हा प्रयोग घेत नाही, पण तेल आणि मेण यांतला फरक त्यात ढळढळीत दिसतो.

पहिलं पाणी फेकायचं का, हा प्रश्न उरतोच. ६० ग्रॅमची वडी घेतली आणि तेल शेकडा १७ धरलं, तर साधारण १० ग्रॅम तेल होतं, म्हणजे चहाचे दोन चमचे. ते वरवर लावलेलं नसून छिद्रांत मुरलेलं असल्यामुळे पाण्यासोबत त्यातलं थोडंच जातं. मिठाचा मोठा वाटाही मसाल्याच्या पुडीत असतो, म्हणून पाणी फेकून तो फारसा कमी होत नाही. ज्यांना तेल खरोखर टाळायचं आहे त्यांनी हवेवर वाळवलेल्या नूडल्स घ्याव्यात. त्यांत तेल नाममात्र असतं, मात्र शिजायला जास्त वेळ लागतो.

कपातल्या नूडल्सची शंका वेगळी होती. सप्टेंबर १९७१ मध्ये आंदोंच्याच कंपनीने 'कप नूडल' आणलं, ते फोमसारख्या पॉलिस्टायरीनच्या कपात. कपाच्या आतल्या बाजूला मेण असतं, हीही समजूत त्या ईमेलमध्ये होती. ते कप प्लास्टिकचे होते, आणि कागदी कपांना आतून सहसा पॉलिथिनचं अस्तर असतं. माझा अंदाज असा की पूर्वीच्या मेण लावलेल्या कागदी पेल्यांची आठवण इथे नूडल्सला येऊन चिकटली असावी.

भारतात २०१५ मध्ये नूडल्सच्या एका ब्रँडवर बंदी आली तेव्हा या निरोपाला पुन्हा खतपाणी मिळालं. त्या प्रकरणातले आरोप शिसं आणि एमएसजी यांबद्दल होते, मेणाबद्दल नव्हते. १३ ऑगस्ट २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बंदीचा आदेश रद्द केला आणि नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत पुन्हा तपासायला लावले. त्यांत शिसं मर्यादेत निघालं आणि नोव्हेंबरमध्ये पाकिटं दुकानांत परतली.

मला या अफवेचं वाईट वाटतं ते तिने लोकांची नजर चुकीच्या जागी नेली म्हणून. नूडल्समधल्या तेलाचा खरा धोका म्हणजे ते खवट होणं. १९६० च्या दशकात जपानमध्ये जुनं, हवा आणि उन्हाने बिघडलेलं तेल असलेल्या नूडल्स खाऊन लोक आजारी पडले होते. पुढे तिथे नूडल्समधलं तेल किती बिघडलेलं चालेल याची कायदेशीर मर्यादा ठरली. अन्नपदार्थांसाठीच्या आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकातही तळलेल्या नूडल्ससाठी तेलाच्या आम्लतेची आणि ओलाव्याची मर्यादा आहे. म्हणून दुकानाच्या दारात उन्हात टांगलेली पाकिटं घेऊ नयेत, फुटलेलं किंवा भोक पडलेलं पाकीट परत द्यावं. घरी उघडल्यावर वडी नाकाशी धरावी. जुन्या तळणीचा किंवा रंगाच्या डब्यासारखा वास आला, तर तारीख शिल्लक असली तरी ती शिजवू नये. खवटपणा उकळून जात नाही आणि पहिलं पाणी फेकूनही जात नाही.