‘छाती हलतेय, मग माणूस गेला कसा?’

अवयवदानावर महाविद्यालयात बोलायला उभं राहिलं की हा प्रश्न येतोच. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचं अंग गरम आहे, मॉनिटरवर ठोके दिसतायत, आणि डॉक्टर म्हणतात, मेंदू मेला, माणूस गेला. त्यामागची भीती मुलं बिचकत बोलून दाखवतात: अवयव हवेत म्हणून घाई तर करत नाहीत ना? वक्त्याने ही भीती अंधश्रद्धा म्हणून झटकू नये. तिला इतिहास आहे.

व्हेंटिलेटर येण्याआधी श्वास थांबला की थोड्याच वेळात हृदयही थांबायचं, त्यामुळे मृत्यूबद्दल शंका उरत नसे. यंत्राने ही जोडी तोडली. १९५९ मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी असे रुग्ण नोंदवले, ज्यांचा मेंदू पूर्ण बंद पडला होता, पण यंत्रामुळे हृदय चालू होतं. डिसेंबर १९६७ मध्ये केपटाऊनला पहिलं मानवी हृदयप्रत्यारोपण झालं. पाठोपाठ फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी ते केलं. रुग्ण काही तासच जगला. हार्वर्डच्या समितीने मेंदूमृत्यूचे निकष मांडले ते त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये. म्हणजे शस्त्रक्रिया आधी आली, व्याख्या नंतर. लोकांच्या मनात संशय बसला, यात नवल नाही.

आपल्याकडे कायदा झाला १९९४ मध्ये, तोही मूत्रपिंडांचा बाजार मांडला गेल्यावर. त्याने मेंदूस्तंभाच्या, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या आणि श्वास चालवणाऱ्या भागाच्या, मृत्यूला मान्यता दिली, आणि महाराष्ट्र व गोव्यात तो १९९५ पासून लागू झाला. खात्री करायला चार डॉक्टर लागतात आणि प्रत्यारोपण करणारा त्यांत असू शकत नाही. झोपेच्या औषधांचा अंमल किंवा शरीर फार थंड पडलेलं असणं, अशी कारणं आधी बाजूला काढतात.

या तपासण्यांतली एक मुलांना सावकाश सांगावी. आपण श्वास रोखला की थोड्याच वेळात छाती आपोआप ओढ घेते, कारण रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला की मेंदूस्तंभ श्वास घ्यायला लावतो. तपासणीत रुग्णाला नळीतून ऑक्सिजन चालू ठेवून व्हेंटिलेटर काढतात आणि काही मिनिटं छाती-पोटाकडे बघत राहतात. रक्ततपासणीत कार्बन डायऑक्साइड पुरेसा वाढलेला दिसला आणि तरी छाती एकदाही उचलली नाही, तर श्वासाचं केंद्र बंद आहे. छाती जराशी जरी हलली, तर तो मेंदूमृत नाही. किमान सहा तासांनी सगळ्या तपासण्या पुन्हा करतात. कोमातला माणूस इथेच वेगळा ठरतो: त्याचा मेंदूस्तंभ जिवंत असतो, तो बरा होऊ शकतो, आणि त्याच्या दानाचा प्रश्नच येत नाही.

दानपत्र भरलं असलं तरी आपल्याकडे शेवटी घरच्यांनाच विचारतात. ते नको म्हणाले तर अवयव काढले जात नाहीत. म्हणून मुलांना एवढंच सांगावं, की मनात जे असेल, होकार किंवा नकार, ते आज घरी जेवताना आईवडिलांच्या कानावर घाला.